विश्लेषण : संत्र्याचा सातबारा, ‘फार्मर आयडी’ आणि सरकारचे डोळे – शेतकऱ्याची माहिती कुठपर्यंत जाऊ शकते?

वरूड तालुक्यातलं शेंदूरजनाघाट हे संत्र्याच्या कलमांचं गाव. इथल्या नर्सऱ्यांमधून कलमा दूरदूर जातात. गावाभोवती संत्र्याचे बगीचे आहेत, जमिनीखालचं पाणी मात्र दरवर्षी आणखी खाली जातं. या भागातल्या शेतकऱ्याला गळ, गारपीट किंवा अतिवृष्टीची मदत हवी असेल तर आता सातबारा आणि आधार कार्ड पुरत नाही. त्याच्याकडे ‘फार्मर आयडी’, म्हणजे ॲग्रीस्टॅकमधला अकरा अंकी शेतकरी ओळख क्रमांक लागतो.

राज्याच्या कृषी विभागाने १५ एप्रिल २०२५पासून आपल्या योजनांसाठी हा क्रमांक बंधनकारक केला. महसूल विभागाने नैसर्गिक आपत्तीच्या मदतीसाठी त्याच वर्षी १५ जुलैपासून तो लागू केला. त्यामुळे सेतू केंद्रांवर रांगा लागल्या, कॅम्प झाले. समाजमाध्यमांवर चर्चा झाली ती मुख्यतः ‘आयडी कसा काढायचा’ याची. आयडी काढताना दिलेली माहिती पुढे कोण वापरू शकतं आणि त्याला कायद्याने कुठे आडकाठी आहे, हा प्रश्न मागेच राहिला.

आयडी काढताना नेमकं काय दिलं जातं?

नोंदणी mhfr.agristack.gov.in या पोर्टलवर होते. आधी आधार क्रमांक टाकायचा, मग मोबाइलवरचा ओटीपी किंवा बोटाचा ठसा देऊन ई-केवायसी करायचं. आधारकडून नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो येतो. पुढच्या पानावर सामाजिक प्रवर्ग वगैरे वैयक्तिक तपशील भरायचे. त्यानंतर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की महसूल विभागाच्या नोंदीतून क्षेत्र आणि खातेदाराची नावं येतात. आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळतं का, हे पाहिलं जातं. शेवटी संमतीच्या चौकटीत खूण करायची, आधारच्या ओटीपीने ई-साइन करायची आणि महसूल यंत्रणेकडून मंजुरी आली की क्रमांक मिळतो.

यात नवीन काय, असं कुणी विचारेल. सातबारा तर आधीपासूनच सार्वजनिक आहे, आधार बँकेला जोडलेलं आहे आणि पिकाची नोंद तलाठी पूर्वीही घेतच होता. पण या सगळ्या नोंदी वेगवेगळ्या दप्तरांत होत्या आणि त्या जोडायच्या तर कुणाला तरी बसून जोडाव्या लागत. फार्मर आयडीने माणूस, जमीन आणि पीक एका क्रमांकावर आणले.

ॲग्रीस्टॅकचे तीन पाय आहेत. पहिला शेतकऱ्यांची नोंदवही, दुसरा गावांचे अक्षांश-रेखांशासह नकाशे आणि तिसरा पेरलेल्या पिकांची नोंदवही. तिसऱ्या पायात महाराष्ट्राची ई-पीक पाहणी येते. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झालेल्या या ॲपमध्ये शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पीक नोंदवतो आणि फोटो काढतो. फोटोबरोबर जागेचे निर्देशांक जातात. त्याच फॉर्ममध्ये ‘जलसिंचनाचे साधन’ विचारलेलं असतं. त्यात विहीर, कालवा, बोअर वगैरे पर्याय असतात.

बोअरची एक साधी नोंद

समजा, शेंदूरजनाघाटच्या शिवारात एका शेतकऱ्याचा तीन एकर आंबिया बहाराचा बगीचा आहे. ई-पीक पाहणीत त्याने संत्रा लिहिलं, झाडांची संख्या लिहिली आणि पाण्याच्या साधनापुढे बोअर निवडली. नोंद करण्याचं कारण एकच. उद्या गळ झाली तर पंचनाम्यात ‘पिकाची नोंद नाही’ म्हणून मदत अडू नये.

वरूड तालुका भूजलाचा अतिउपसा झालेल्या भागात मोडतो. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ सालचा आहे, तो २०१४मध्ये अमलात आला. अधिसूचित क्षेत्रात खोल विहिरी घेण्यावर त्यात बंदी आहे आणि ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर त्यात ‘खोल’ धरली जाते. संत्रापट्ट्यात बोअर त्याच्या कितीतरी खाली जातात, हे गावात कुणापासून लपलेलं नाही.

आता मदतीसाठी लिहिलेली ‘बोअर’ ही नोंद उद्या दुसऱ्या खात्याने मागितली तर? कुणाच्या गटात संत्रा आहे, पाण्याचं साधन बोअर आहे, पण परवानगीची नोंद नाही, अशी यादी काढायला आता गावभर फिरायला नको. दोन नोंदवह्या एकमेकींवर ठेवल्या की पुरे. असं घडल्याची बातमी नाही. भूजल वाचवणं हा वाईट हेतूही नाही. पण शेतकऱ्याने माहिती ज्या कामासाठी दिली त्यापेक्षा हे काम वेगळं आहे. कायद्याच्या भाषेत याला उद्देशाची मर्यादा म्हणतात आणि खासगीपणाच्या हक्काचा बराचसा भार याच एका तत्त्वावर उभा आहे.

गोव्यातला खटला याच प्रश्नावर होता

जानेवारी २०१३मध्ये गोव्यात वास्को इथे एका शाळेत लहान मुलीवर अत्याचार झाला. तपास सीबीआयकडे गेला. घटनास्थळी मिळालेले बोटांचे ठसे कुणाचे, हे कळेना. तेव्हा सीबीआयने मागणी केली की गोव्यात आधार काढलेल्या सगळ्यांच्या ठशांशी हे ठसे ताडून पाहावेत. स्थानिक न्यायालयाने ती मान्य केली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं. आधार प्राधिकरणाने विरोध केला. लोकांनी ठसे सरकारी लाभासाठी दिले आहेत, गुन्ह्याच्या तपासासाठी नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. ही यंत्रणा घटनास्थळाच्या अर्धवट ठशांवरून माणूस शोधण्यासाठी बनवलेली नाही, त्यातून निर्दोष लोकच मोठ्या संख्येने संशयित ठरतील, हाही मुद्दा होता.

२४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की आधारधारकाच्या लेखी संमतीशिवाय त्याचे बायोमेट्रिक तपशील कुठल्याही यंत्रणेला देऊ नयेत. गुन्हा अतिशय गंभीर होता, तरीही साऱ्या गोव्याला संशयितांच्या रांगेत उभं करायला न्यायालय तयार झालं नाही.

पुढे २०१६च्या आधार कायद्यात हीच भिंत लिहून ठेवली गेली. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं कुणालाही, कोणत्याही कारणासाठी देता येत नाहीत. बाकीची ओळखीची माहिती हवी असेल तर न्यायालयाचा आदेश लागतो आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर तो उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचाच लागतो. त्याआधी आधार प्राधिकरणाची बाजू ऐकावी लागते. राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद आहे, पण त्यासाठीही केंद्राच्या सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो. मूळ कायद्यात सहसचिव पुरेसा होता. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात रद्द केली. त्याच निकालात आधारच्या वापराच्या नोंदी पाच वर्षं साठवण्याचा नियमही गेला आणि मुदत सहा महिन्यांवर आली. कोण, कधी, कुठे आधार वापरतो याचा पाच वर्षांचा माग म्हणजे त्या माणसाच्या आयुष्याचा नकाशाच झाला असता.

मग शेतकऱ्याने घाबरायचं कारण काय? कारण असं की ही भिंत आधारच्या भांडाराभोवती आहे. फार्मर आयडीच्या भांडाराभोवती ती नाही.

गट नंबर, पीक आणि बोअर यांना कोणतं कुलूप आहे?

ॲग्रीस्टॅकसाठी संसदेने किंवा विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केलेला नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी २,८१७ कोटी रुपयांचं डिजिटल कृषी अभियान मंजूर केलं, राज्यांशी करार झाले आणि महाराष्ट्रात शासन निर्णय निघाले. शासन निर्णय हा कार्यकारी आदेश असतो. तो ज्या सचिवालयातून निघतो तिथेच बदलतो. ही माहिती कुणाला द्यावी, कुणाला देऊ नये आणि दिली तर शिक्षा काय, हे आधार कायद्यासारखं कुठल्या स्वतंत्र कायद्यात लिहिलेलं नाही.

इथे २०१७चा निकाल आठवावा लागतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि सरकारला त्यात हात घालायचा असेल तर कसोट्या घालून दिल्या. आधी कायदा हवा, मग हेतू वैध हवा आणि त्या हेतूसाठी जितकं लागेल तितकंच घ्यायला हवं. हेतूच्या कसोटीवर फार्मर आयडी बहुधा टिकेल. बोगस लाभार्थी वगळणं, मदत थेट खात्यात देणं हे हेतू न्यायालयांनी आधीही मान्य केले आहेत. अडचण पहिल्या कसोटीत आहे. शासन निर्णयाला ‘कायदा’ म्हणायचं का, हा वाद वकिलांसाठी सोपा आहे, सरकारसाठी नाही.

एक तुलना इथे उपयोगी पडेल. पोलिसांना कुणाचा फोन ऐकायचा असेल तर राज्याच्या गृहसचिवांचा आदेश लागतो. तो ६० दिवस चालतो आणि कितीही वाढवला तरी १८० दिवसांपलीकडे जात नाही. प्रत्येक आदेश आढावा समितीपुढे जातो. त्यासाठी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता हे कारण असावं लागतं. ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचेच्या प्रकरणातले फोन टॅपिंगचे तीन आदेश याच कारणाने रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. लाच हा गुन्हा खरा, पण त्यातून सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात येते असं दिसत नव्हतं.

त्याच शेतकऱ्याची एखाद्या सरकारी संगणकातली नोंद हवी असेल तर? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४नुसार तपासासाठी लागणारी कागदपत्रं किंवा इलेक्ट्रॉनिक नोंदी ठाणेदार लेखी आदेशाने मागवू शकतो. गृहसचिव नको, न्यायाधीश नको, आढावा समिती नको. आणि हे झालं पोलिसांचं. एका खात्याने दुसऱ्या खात्याकडून यादी मागवण्यासाठी तर अनेकदा साधं पत्र पुरतं.

नवा डेटा कायदा ही पोकळी भरतो का?

अर्धीच भरतो, आणि तीही उशिरा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, पण मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू होणार आहेत. तोपर्यंत शेतकऱ्याला २०१७च्या निकालाचा आधार घेऊन उच्च न्यायालयात, म्हणजे वऱ्हाडच्या माणसाला नागपूर खंडपीठात, रिट याचिका करण्याचा रस्ता आहे. तीन एकरवाल्यासाठी हा रस्ता कागदावरच रुंद आहे.

कायदा लागू झाल्यावर काय होईल, हे संमतीच्या त्या छोट्या चौकटीवर अवलंबून आहे. ते कसं, हे थोडं सावकाश पाहायला हवं.

या कायद्यात माहिती वापरायचे दोन दरवाजे आहेत. एक संमतीचा. संमती मोकळी, विशिष्ट कामापुरती आणि विनाअट असली पाहिजे, असं कलम ६ म्हणतं. दुसरा दरवाजा ‘काही वैध उपयोगां’चा. कलम ७(ब)नुसार अनुदान, लाभ, सेवा, दाखला किंवा परवाना देण्यासाठी सरकार माहिती वापरू शकतं, नव्याने संमती न घेता. त्यासाठी एक तर आधी कधी तरी अशाच लाभासाठी संमती दिलेली असावी किंवा ती माहिती सरकारने अधिसूचित केलेल्या नोंदवहीत असावी.

फरक पडतो तो हक्कांमध्ये. ‘माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे आणि ती कुणाला दिली’ हे विचारण्याचा हक्क कलम ११मध्ये आहे, पण तो संमतीने दिलेल्या माहितीपुरता आहे. सरकारने दुसऱ्या दरवाजाने प्रवेश केला तर कायद्याच्या शब्दांप्रमाणे हा हक्क लागू होत नाही. शिवाय माहिती पुसून टाकायला सांगण्याचा हक्क सरकारी यंत्रणेविरुद्ध चालत नाही, मग संमती कशीही असो.

फॉर्मवर संमतीची खूण तर घेतली जाते. पण खूण केली नाही तर आयडी नाही आणि आयडी नाही तर गारपिटीची मदत नाही. अशा खुणेला ‘मोकळी, विनाअट संमती’ म्हणणं कठीण आहे. खात्याने उद्या ‘आम्हाला संमतीची गरजच नव्हती, आम्ही ७(ब)खाली आहोत’ असं म्हटलं तर ते अधिक प्रामाणिक ठरेल, पण त्याच वाक्याने शेतकऱ्याचा विचारणा करण्याचा हक्क जाईल. हा तिढा कायद्यानेच करून ठेवला आहे आणि तो मंडळापुढे किंवा न्यायालयात जाईपर्यंत तसाच राहील.

७(ब)खाली सरकार अगदीच मोकळं आहे, असंही नाही. नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत अटी आहेत. माहिती त्या लाभासाठी लागेल तेवढीच घ्यावी, ती अचूक ठेवावी, गरज संपल्यावर ठेवू नये, सुरक्षित ठेवावी आणि कुणाशी संपर्क करायचा ते सांगावं. बोअरची यादी भूजल खात्याला देणं या अटींत बसवणं अवघड आहे. पण गुन्ह्याचा प्रतिबंध, शोध किंवा तपास यासाठी कलम १७मध्ये सूट आहे आणि केंद्राने अधिसूचित केलेल्या यंत्रणांना तर कायद्यातूनच वगळता येतं. म्हणजे बेकायदा बोअरला ‘गुन्हा’ म्हटलं की दार पुन्हा किलकिलं होतं.

खासगी कंपन्यांचं काय?

ही शंका अगदी सुरुवातीपासून आहे. एप्रिल २०२१मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने मायक्रोसॉफ्टशी प्रायोगिक प्रकल्पाचा करार केला, तेव्हा ५०हून अधिक शेतकरी आणि डिजिटल हक्क संघटनांनी पत्र लिहून विरोध नोंदवला होता. शेतकऱ्याला न विचारता त्याच्या नोंदी वापरल्या जातील, हा त्यांचा आक्षेप होता. आता बँका आणि विमा कंपन्यांना ही माहिती संमतीने मिळेल, असं सरकार सांगतं. पीककर्ज लवकर मिळणं हा फायदा खरा आहे. पण तीच माहिती बँकेला हेही सांगते की या माणसाचा बगीचा किती जुना आहे आणि पाणी कशाच्या भरवशावर आहे.

दुसरा धोका गळतीचा. पीएम-किसानच्या संकेतस्थळातल्या त्रुटीमुळे शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडत असल्याचं एका सुरक्षा संशोधकाने २०२२मध्ये दाखवून दिलं होतं. तिथे हेतू कुणाचाच वाईट नव्हता, फक्त पान नीट बंद केलेलं नव्हतं.

मग शेतकऱ्याने आयडी काढू नये का?

मदत हवी असेल तर काढावाच लागेल. मात्र काही गोष्टी आज हातात आहेत. नोंदणी झाल्यावर आपल्या क्रमांकाला कोणकोणते गट जोडले गेले, ते पोर्टलवर पाहावं. सामाईक खात्यात एखादा गट सुटतो किंवा नावातल्या फरकामुळे जुळत नाही, आणि ते कळतं थेट मदतीची यादी लागते तेव्हा. केंद्रावर बोटाचा ठसा दिला असेल तर काम झाल्यावर आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं. तिथेच मागच्या सहा महिन्यांत आपलं आधार कधी आणि कुणी वापरलं याची नोंद दिसते. आपण गावातल्या बांधावर असताना ठसा दुसरीकडे लागल्याचं दिसलं तर लगेच तक्रार करावी.

ई-पीक पाहणीत खोटं लिहू नये. बोअर असताना विहीर लिहिली आणि पंचनाम्यात वेगळं दिसलं, तर नुकसान शेतकऱ्याचंच.

माहितीचा अधिकारही आहे, पण त्याची धार बदलली आहे. डेटा कायद्यामुळे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज)मध्ये झालेला बदल नोव्हेंबर २०२५पासून लागू आहे. आधी खासगी माहितीही सार्वजनिक हितासाठी मिळू शकते असं त्या कलमातच लिहिलेलं होतं, आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्या कारणावर नकार देता येतो. सार्वजनिक हिताचा मुद्दा कलम ८(२)मध्ये शिल्लक आहे, तो अर्जात स्पष्ट मांडावा लागतो. गळीच्या मदतीची यादी मागणाऱ्याला उद्या ‘इतरांची खासगी माहिती’ म्हणून परत पाठवलं जाऊ शकतं, आणि त्याच वेळी एक खातं दुसऱ्या खात्याला तीच यादी पत्रावर देऊ शकतं. मात्र स्वतःच्या क्रमांकावर काय नोंद आहे आणि ती कोणत्या खात्यांना पाठवली गेली, हे विचारायला या बदलाने अडथळा आणलेला नाही. असा अर्ज तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा. सोबत दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि उत्तरासाठी त्यांच्याकडे तीस दिवस असतात.